दोन मॉनिटर, दोन रिझोल्यूशन: अक्षरे आणि खिडक्या सारख्या दिसत नसतील तर काय तपासावे

आमच्या तालुक्यात सेवा केंद्रे, जिनिंगची कार्यालये, शाळांच्या संगणक खोल्या आणि कृषी केंद्रे अशा ठिकाणी मी गेली अनेक वर्षे संगणक दुरुस्तीसाठी जातो. या काळात लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडण्याची पद्धत वाढली, कारण समोर बसलेल्या शेतकऱ्याला स्वतःचे नाव, गट क्रमांक आणि बँक खाते अर्जात बरोबर भरले आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. त्याबरोबर एक तक्रारही वाढली आणि ती बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "भाऊ, लॅपटॉपवर अक्षरं साफ आहेत, पण मोठ्या पडद्यावर पुसल्यावानी दिसून राहिली." काही ठिकाणी हेच उलटे असते.

हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की त्याची कारणे आता क्रमाने सांगता येतात. येथे मी विंडोज 10 आणि विंडोज 11 यांच्याविषयीच लिहितो आहे आणि उदाहरणासाठी आमच्या भागात सर्वांत अधिक आढळणारी जोडी घेतो आहे: 15.6 इंची लॅपटॉप, ज्याचे रिझोल्यूशन 1920 × 1080 आहे, आणि 18.5 इंची बाहेरचा मॉनिटर, ज्याचे रिझोल्यूशन 1366 × 768 आहे.

## लक्षणे

प्रथम आपली तक्रार नेमकी कोणती आहे ते ओळखावे, कारण "अक्षरे बरोबर दिसत नाहीत" या एका वाक्यात चार वेगवेगळे दोष लपलेले असतात.

- एका पडद्यावरचे सर्व काही धूसर दिसते: टास्कबार, घड्याळ, चिन्हे आणि प्रत्येक प्रोग्रॅम.
- दोन्ही पडदे स्पष्ट आहेत, पण एकावर अक्षरे फार मोठी आणि दुसऱ्यावर फार लहान दिसतात. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली की तिचा आकार एकदम बदलतो.
- बाकी सर्व स्पष्ट आहे, फक्त एखादाच प्रोग्रॅम, बहुधा जुना हिशेबाचा किंवा मराठी टंकलेखनाचा, एका पडद्यावर धूसर होतो.
- काल सर्व ठीक होते आणि आज नाही. परवाही असेच झाले होते आणि आपोआप बरे झाले.

पहिल्या लक्षणाचे मूळ रिझोल्यूशनमध्ये किंवा केबलमध्ये असते, दुसऱ्याचे स्केलिंगमध्ये, म्हणजे अक्षरे आणि खिडक्या किती टक्के मोठ्या दाखवायच्या या निवडीत, आणि तिसऱ्याचे त्या प्रोग्रॅमच्या रचनेत. चौथे लक्षण लोकांना सर्वांत गोंधळात टाकते. त्याचे कारण आमच्याकडे अनेकदा विजेच्या येण्याजाण्याशी जोडलेले असते, म्हणून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

## पहिली तपासणी: पडदे Duplicate वर आहेत का

ही तपासणी फुकट आहे, दहा सेकंदांत होते आणि सेवा केंद्रांतील तक्रारींपैकी बऱ्याच येथेच संपतात. विंडोजचे बटण दाबून धरून P दाबावे. उघडलेल्या यादीत Duplicate निवडलेले असेल, तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जाते. ग्राहकाला अर्ज दाखवायचा असल्यामुळे ही निवड साहजिक वाटते आणि म्हणूनच ती सगळीकडे केलेली आढळते.

अडचण अशी की एकच चित्र दोघांना द्यायचे म्हणजे विंडोजला दोघांना झेपेल असे एकच रिझोल्यूशन निवडावे लागते. आपल्या जोडीत ते बहुधा 1366 × 768 किंवा त्याहून कमी ठरते. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र आडवे 1920 ठिपके आहेत, आणि 1366 ठिपक्यांचे चित्र 1920 ठिपक्यांवर पसरायचे म्हणजे चित्रातील एक ठिपका पडद्यावरील सुमारे 1.4 ठिपक्यांवर बसवायचा. ठिपक्याचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे शेजारच्या ठिपक्यांत अर्धवट रंग भरला जातो आणि कडा पुसट होतात. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा लवकर जाणवते, कारण लहान अक्षरांत अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार यांतील फरक एकदोन ठिपक्यांचाच असतो. आडनावातील उकार चुकीचा वाचला गेला, तर ग्राहकाला दुसरा पडदा दाखवण्याचा हेतूच विफल होतो.

यावर उपाय म्हणजे Extend निवडणे आणि अर्जाची खिडकी ग्राहकाच्या पडद्यावर पाठवणे. त्यासाठी विंडोजचे बटण आणि Shift दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबावा, म्हणजे समोरची खिडकी दुसऱ्या पडद्यावर जाते, आणि तसेच पुन्हा दाबले की परत येते. एका दिवसात याची सवय होते. यामुळे ग्राहकाला आपला अर्जच दिसतो, आधीच्या ग्राहकाची कागदपत्रे दिसत नाहीत, हा लाभही मला कमी महत्त्वाचा वाटत नाही.

## दुसरी तपासणी: प्रत्येक पडदा त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर आहे का

विंडोजचे बटण आणि R दाबून पुढील ओळ टाइप करावी आणि Enter दाबावे.

```
ms-settings:display
```

वर 1 आणि 2 असे दोन चौकोन दिसतील. कोणता क्रमांक कोणत्या पडद्याचा हे Identify दाबल्यावर कळते. एकेक चौकोन निवडून खाली Display resolution पाहावे. लॅपटॉपसाठी 1920 × 1080 आणि बाहेरच्या मॉनिटरसाठी 1366 × 768 हेच असायला हवे आणि सामान्यतः त्यापुढे Recommended लिहिलेले असते. अक्षरे लहान वाटतात म्हणून अनेक जण येथेच रिझोल्यूशन कमी करतात. अक्षरे मोठी होतात हे खरे, पण ती वर सांगितलेल्या कारणाने पुसट होतात. अक्षरांचा आकार बदलण्याची जागा Scale ही आहे. रिझोल्यूशनला हात लावू नये.

कधीकधी यादीत 1366 × 768 सापडतच नाही. 1024 × 768 पर्यंतच पर्याय असतात किंवा 1360 × 768 असा जवळचा आकडा दिसतो. मॉनिटर स्वतःची माहिती केबलमधून लॅपटॉपला कळवत असतो. ती माहिती पोहोचली नाही की विंडोज अंदाजाने पर्याय देते. आमच्याकडे मॉनिटर जुने, फक्त व्हीजीए जोडणीचे, आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असते, म्हणून मधे एक छोटा कनव्हर्टर लावलेला असतो. ही माहिती बहुतेक वेळा त्या कनव्हर्टरमध्येच अडते.

येथे क्रमाने तीन गोष्टी कराव्यात. केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा नीट बसवावी आणि व्हीजीएचे दोन्ही स्क्रू हाताने आवळावेत. त्याने फरक पडला नाही तर दुसरी केबल लावून पाहावी, आणि तरीही नाही तर दुसरा कनव्हर्टर. शेजारच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणलेला कनव्हर्टरही या तपासणीस पुरतो, त्यामुळे नवा घेण्यापूर्वी कारण पक्के होते.

व्हीजीएच्या बाबतीत आणखी एक सोपी गोष्ट सांगतो. ही जोडणी अॅनालॉग असल्यामुळे रिझोल्यूशन बरोबर असूनही मॉनिटरने चित्राची वेळ किंचित चुकवली तर अक्षरांना सावली येते किंवा उभ्या पट्ट्यांत धूसरपणा दिसतो. एखादे पांढरे, मजकुराने भरलेले पान उघडून मॉनिटरवरील Auto किंवा Auto Adjust हे बटण दाबावे. पान रिकामे किंवा काळे असेल तर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि जुळवणी चुकते, म्हणून मजकूर उघडा ठेवणे आवश्यक आहे.

रिझोल्यूशन खरोखर बरोबर बसले आहे का हे पाहण्यासाठी मी एक्सेलची रिकामी वही उघडून तिच्या बारीक रेषा पाहतो. सर्व रेषा सारख्या जाडीच्या असतील तर जुळणी बरोबर आहे. काही रेषा जाड आणि काही फिकट असतील, तर चित्र कोठेतरी ताणले जात आहे. अशा वेळी Advanced display मध्ये Desktop mode आणि Active signal mode या दोन ओळींतील रिझोल्यूशन एकच आहे का ते पाहावे. विंडोज 10 मध्ये त्यांची नावे Desktop resolution आणि Active signal resolution अशी आहेत. दोन आकडे वेगळे असतील तर विंडोज एका मापाचे चित्र तयार करून मॉनिटरला दुसऱ्याच मापात पाठवत आहे असे समजावे.

मॉनिटरऐवजी टीव्ही जोडला असेल आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर दोष टीव्हीच्या मेनूमध्ये असतो. चित्राच्या मापाच्या यादीत Just Scan, Screen Fit किंवा 1:1 अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा.

## तिसरी तपासणी: स्केलिंग फूटपट्टीने ठरवणे

आता दुसऱ्या लक्षणाकडे वळू. दोन्ही पडदे स्पष्ट आहेत, पण आकार जुळत नाहीत. येथे बहुतेक लोक अंदाजाने 125 किंवा 150 टक्के निवडतात आणि समाधान होत नाही म्हणून रोज बदलत राहतात. हे मोजून एकदाच ठरवता येते.

प्रत्येक पडद्याची दिसणाऱ्या भागाची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजावी. 15.6 इंची लॅपटॉपची रुंदी सुमारे 34.5 सेंटीमीटर भरते. 1920 ला 34.5 ने भागले की एका सेंटीमीटरमध्ये जवळपास 55.6 ठिपके येतात. 18.5 इंची मॉनिटरची रुंदी सुमारे 41 सेंटीमीटर असते आणि 1366 ला 41 ने भागले की 33.3 ठिपके येतात. म्हणजे लॅपटॉपचे ठिपके मॉनिटरपेक्षा 1.67 पट दाट आहेत. मॉनिटर 100 टक्क्यांवर ठेवला, तर अक्षरे अगदी त्याच मापाची दिसण्यासाठी लॅपटॉप 167 टक्क्यांवर हवा.

यादीत 167 नसते. तेथे 100, 125, 150 आणि 175 हे पर्याय मिळतात. मॉनिटरवर जी ओळ 10 सेंटीमीटर लांब दिसते, ती लॅपटॉपवर 100 टक्क्यांना 6 सेंटीमीटर, 125 ला साडेसात, 150 ला 9 आणि 175 ला साडेदहा सेंटीमीटर दिसते. आकड्यांवरून 175 सर्वांत जवळचे आहे, पण मी या जोडीसाठी 150 निवडतो आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण जागेचे. 175 टक्क्यांवर लॅपटॉपच्या पडद्यावर केवळ 1097 × 617 एवढ्या मापाचा मजकूर मावतो. त्यातून ब्राउझरची पट्टी आणि टास्कबार वजा केले की ऑनलाइन अर्जाच्या थोड्याच ओळी एका वेळी दिसतात आणि सतत खाली सरकवावे लागते. 150 टक्क्यांवर ही जागा 1280 × 720 होते, जी मॉनिटरच्या 1366 × 768 च्या अगदी जवळ आहे, त्यामुळे ओढून नेलेली खिडकीही दोन्हीकडे पडद्याचा जवळपास तेवढाच भाग व्यापते.

दुसरे कारण अंतराचे. लॅपटॉप आपल्यापुढे असतो आणि मॉनिटर थोडा मागे असतो. डोळ्यांपासून मॉनिटर 60 सेंटीमीटरवर आणि लॅपटॉप 54 सेंटीमीटरवर असेल, तर 9 सेंटीमीटरची ओळ आणि 10 सेंटीमीटरची ओळ डोळ्याला सारखीच भासते.

मॉनिटर 21.5 इंची आणि 1920 × 1080 असेल तर हाच हिशेब सुमारे 1.38 पट येतो. तेव्हा मॉनिटर 100 वर ठेवून लॅपटॉप 125 वर ठेवावा. वयामुळे वाचायला त्रास होत असेल तर लॅपटॉप 150 वर नेण्यास हरकत नाही.

ठरवलेला आकडा टाकण्यापूर्वी दोन जुन्या नोंदी पाहाव्यात, नाहीतर हिशेब चुकतो. Accessibility मधील Text size ही पट्टी 100 टक्क्यांवर आहे का ते पाहावे. विंडोज 10 मध्ये हा भाग Ease of Access या नावाने आहे. ही पट्टी दोन्ही पडद्यांवर एकदम परिणाम करते, त्यामुळे ती वाढवलेली असेल तर एका पडद्यावरची अक्षरे जुळवताना दुसऱ्यावरची बिघडतात. दुसरी नोंद Custom scaling ची. तेथे कोणी 130 किंवा 167 असा आकडा टाइप केला असेल, तर तो एकाच पडद्याला लागू न होता सर्व पडद्यांना लागतो, आणि मग प्रत्येक पडद्याचे वेगळे Scale निवडताच येत नाही. तेथील Turn off custom scaling and sign out दाबून तो काढावा. साइन आउट होताना उघडे प्रोग्रॅम बंद होतात, म्हणून आधी काम जतन करावे.

यानंतर चौकोन 1 निवडून त्याचे Scale आणि चौकोन 2 निवडून त्याचे Scale ठरवावे. नंतर नोटपॅडमध्ये एक मराठी ओळ लिहून ती खिडकी दोन्ही पडद्यांवर नेऊन फूटपट्टीने मोजावी. 9 आणि 10 च्या आसपास माप आले की हा भाग पूर्ण झाला.

त्याच पानावर दोन्ही चौकोन ओढून टेबलावर पडदे जसे ठेवले आहेत तसे मांडावेत. येथे विंडोज चौकोनांचा आकार ठिपक्यांवरून काढते, त्यामुळे 1080 उंचीचा लॅपटॉप 768 उंचीच्या मॉनिटरपेक्षा मोठा दिसतो, जरी प्रत्यक्षात तो लहान असला. दोघांच्या वरच्या कडा जुळवल्या, तर लॅपटॉपच्या खालच्या 312 ठिपक्यांच्या पट्ट्यातून पलीकडे जाताना माउस अडू शकतो आणि लोकांना माउस बिघडला असे वाटते. मी सहसा मधल्या रेषा जुळवतो.

## चौथी तपासणी: एकच प्रोग्रॅम धूसर असेल तर

आतापर्यंतच्या तपासण्यांनी पडदे जुळले असतील आणि तरीही एखादा प्रोग्रॅम पुसट दिसत असेल, तर त्याचे कारण तो प्रोग्रॅम स्केलिंग कितपत समजतो यात आहे. हे पाहण्यासाठी Task Manager उघडावे, Details मध्ये जाऊन स्तंभांच्या नावांवर उजवी क्लिक करावी, Select columns मधून DPI Awareness हा स्तंभ दाखवावा आणि त्या प्रोग्रॅमपुढे काय लिहिले आहे ते वाचावे.

Per-Monitor असे काही लिहिले असेल, तर तो प्रोग्रॅम प्रत्येक पडद्यासाठी अक्षरे नव्याने काढतो आणि दोन्हीकडे स्पष्ट असायला हवा. Unaware लिहिले असेल, तर तो स्वतःला नेहमी 100 टक्क्यांवर समजतो आणि 150 च्या पडद्यावर विंडोज त्याचे तयार चित्र ताणते. असा प्रोग्रॅम आपल्या जोडीत मॉनिटरवर स्पष्ट आणि लॅपटॉपवर धूसरच राहणार. जुन्या टंकलेखन प्रोग्रॅमसाठी सर्वांत बिनखर्चाचा उपाय हाच की तो 100 टक्क्यांच्या मॉनिटरवरच वापरावा.

System लिहिले असेल तर मात्र बारकाईने पाहावे लागते. असा प्रोग्रॅम सुरू होताना मुख्य पडद्याचे स्केलिंग पाहतो आणि बंद होईपर्यंत तेच धरून ठेवतो. मुख्य पडदा 150 चा लॅपटॉप असेल तर तो 150 साठी अक्षरे काढतो आणि 100 च्या मॉनिटरवर नेल्यावर विंडोज ते चित्र आकसून दाखवते, म्हणून तेथे ते मऊ आणि पुसट दिसते. मुख्य पडदा मॉनिटर असेल तर याच्या उलट होते. म्हणून तो प्रोग्रॅम ज्या पडद्यावर दिवसभर वापरायचा आहे, तोच पडदा Make this my main display ने मुख्य करावा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. गेल्या काही वर्षांतील विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्रॅमना एवढे पुरते. तेवढ्याने भागले नाही तर साइन आउट करून पुन्हा यावे.

आता त्या चौथ्या लक्षणाचे कारण कळेल. आर्वी तालुक्यातील एका सेवा केंद्रात हिशेबाचा एक जुना प्रोग्रॅम मॉनिटरवर काही दिवस स्पष्ट आणि काही दिवस धूसर दिसत असे. चालकाने केबल बदलली होती आणि मॉनिटर विकण्याचा विचार चालवला होता. मी दोन सकाळी तेथे बसून राहिलो. ज्या सकाळी वीज नव्हती, त्या सकाळी ते लॅपटॉप बॅटरीवर सुरू करून हिशेबाचा प्रोग्रॅम उघडत असत. मॉनिटर बंद असला की त्या जोडणीत तो विंडोजला दिसतच नसे, त्यामुळे मुख्य पडदा 150 टक्क्यांचा लॅपटॉपच ठरे आणि प्रोग्रॅम 150 धरून बसे. दहाच्या सुमारास लाइट आली की मॉनिटर सुरू होई, विंडोज त्याला पुन्हा मुख्य पडदा करी, पण आधीच उघडलेला प्रोग्रॅम जुनाच आकडा धरून राही. ज्या दिवशी सकाळपासून वीज असे, त्या दिवशी सर्व स्पष्ट. त्या दिवशीचा उपाय फक्त एवढाच होता की लाइट आल्यानंतर तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. नंतर त्यांनी लहान यूपीएसवर मॉनिटर घेतला, पण त्याची गरज या दोषासाठी नव्हती, समोर बसलेल्या ग्राहकाचे काम मधेच थांबू नये यासाठी होती.

एवढे करूनही प्रोग्रॅम दोन्ही पडद्यांवर हवाच असेल, तर त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करून Properties, मग Compatibility, मग Change high DPI settings उघडावे. Override high DPI scaling behavior वर खूण करून खालच्या यादीत System (Enhanced) निवडावे. जे प्रोग्रॅम विंडोजच्या जुन्या पद्धतीने अक्षरे काढतात, त्यांची अक्षरे यामुळे ताणलेल्या चित्राऐवजी नव्याने काढली जातात आणि स्पष्ट होतात. चित्रे आणि बटणांची चिन्हे धूसर राहू शकतात. काही प्रोग्रॅममध्ये रकाने एकमेकांवर चढतात. तसे झाल्यास खूण काढून टाकावी. त्याच यादीतील Application निवडल्यास ताणणे थांबते, पण 150 च्या पडद्यावर अक्षरे अगदी बारीक होतात, म्हणून तो पर्याय मी क्वचितच सुचवतो.

सर्वांत शेवटी अक्षरांच्या कडा जुळवाव्यात. विंडोजचे बटण आणि R दाबून पुढील आज्ञा दिल्यावर विंडोज विचारेल की सर्व मॉनिटर जुळवायचे की एकच. सर्व निवडून प्रत्येक पडद्यावर जो नमुना अधिक स्पष्ट दिसेल त्यावर क्लिक करत जावे.

```
cttune
```

हे आधी करू नये. रिझोल्यूशन चुकीचे असताना निवडलेले नमुने नंतर बरोबर रिझोल्यूशनवर वाईट दिसतात आणि काम दोनदा करावे लागते.

## पाचवी तपासणी: ड्रायव्हर

Device Manager मध्ये Display adapters उघडावे. तेथे Microsoft Basic Display Adapter असे लिहिले असेल, तर ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर बसलेला नाही. तो नसताना रिझोल्यूशनचे पर्याय मर्यादित राहतात आणि दुसरा पडदा अनेकदा दिसतच नाही, म्हणून वरच्या कोणत्याही उपायाचा उपयोग होत नाही. विंडोज नव्याने टाकल्यानंतर आणि इंटरनेट मंद असल्यामुळे अद्ययावत करणे अर्ध्यात थांबल्यावर हे आढळते. Windows Update पूर्ण होऊ द्यावे किंवा लॅपटॉपच्या मागील मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर शोधून देणारे तिसऱ्याच कोणाचे मोफत प्रोग्रॅम टाकू नयेत. त्यांच्यामुळे बिघडलेले लॅपटॉप मी पुष्कळ पाहिले आहेत.

## येथे थांबावे

ड्रायव्हर बसवूनही Basic Display Adapter परत परत येत असेल, तर आणखी प्रयोग न करता लॅपटॉप तंत्रज्ञाकडे न्यावा, कारण तेव्हा ग्राफिक्सच्या चिपमध्ये किंवा मदरबोर्डवर दोष असण्याची शक्यता असते.

केबल हलवली की चित्र जाते-येते आणि दुसरी केबल लावूनही तसेच होते, तर लॅपटॉपचे किंवा मॉनिटरचे सॉकेट सैल झाले आहे. केबलखाली कागदाची घडी लावून ते दाबून ठेवण्याची युक्ती अनेक ठिकाणी दिसते. त्याने सॉकेटचे टाके तुटतात आणि लहानशी दुरुस्ती मोठी होते. सैल सॉकेट पुन्हा टाक्याने बसवणे हे साधने असलेल्या माणसाचे काम आहे.

मॉनिटरवर उभी रंगीत रेषा कायम असेल, एक कोपरा काळसर होत चालला असेल किंवा सुरू झाल्यावर काही क्षणांत प्रकाश जात असेल, तर दोष मॉनिटरच्या आत आहे. कोणत्याही सेटिंगने तो जाणार नाही. मॉनिटरचे मागचे झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील पॉवर बोर्डच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो.

व्हीजीएच्या धातूच्या तोंडाला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर पडद्यांचा विचार बाजूला ठेवावा. आमच्या भागात अनेक जुन्या इमारतींत अर्थिंगची तार जोडलेलीच नसते किंवा खड्डा उन्हाळ्यात पूर्ण कोरडा पडतो. अशा जोडणीत चित्रात आडव्या लाटा येतात, आणि केबल लावताना पोर्ट जळण्याचा आणि माणसाला धक्का बसण्याचा धोका राहतो. दोन्ही प्लग भिंतीतून काढावेत, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत लॅपटॉप मॉनिटरशिवाय, बॅटरीवर वापरावा.